बिलाच्या तळाशी दडलेले सदतीस टक्के

घाऊक मालाच्या बिलाच्या तळाशी, सही-शिक्क्याच्या आसपास, बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते: ‘दहा दिवसांत रक्कम जमा केल्यास २ टक्के वटाव, अन्यथा ३० दिवसांत पूर्ण रक्कम देय.’ जुने व्यापारी याला वटाव म्हणतात, नव्या पिढीचे दुकानदार कॅश डिस्काउंट, आणि फोनवरच्या बोलण्यात तर नुसते ‘सीडी’ एवढेच उरते. बिल हातात आल्यावर बहुतेकांची नजर एकूण रकमेवर जाते, मग मुदतीवर. वटावाची ओळ वाचली जाते, पण ‘दोनच टक्के तर आहेत, महिनाभर पैसे वापरायला मिळतायत’ असे म्हणून बिल तारेला अडकवले जाते.

याच दुकानदाराला कुणी सांगितले की, अमुक एक जण शेकडा तीन रुपये महिन्याने पैसे देतो, घ्यायचे का, तर तो हात जोडील. शेकडा तीन म्हणजे सावकारी दर, हे त्याला पक्के ठाऊक असते. पण वटावाची ती ओळ सोडून देताना तो नेमक्या याच दराने कर्ज घेत असतो. त्या कर्जाची चिठ्ठी होत नाही, त्यावर व्याज असा शब्द कुठे लिहिला जात नाही, खातेवहीत त्याची नोंद पडत नाही. म्हणून ते दिसत नाही.

हिशोब शंभर रुपयांच्या बिलावर करून पाहू. दहाव्या दिवशी पैसे दिले तर ९८ रुपयांत बिल मिटते. तिसाव्या दिवशी दिले तर १०० रुपये लागतात. पहिले दहा दिवस दोन्ही वाटांवर फुकट आहेत, कारण वटाव घेणाऱ्यालाही ते मिळतातच. मग वटाव सोडणाऱ्याच्या पदरात जास्तीचे काय पडले? अकराव्या दिवसापासून तिसाव्या दिवसापर्यंतचे वीस दिवस. आणि त्या वीस दिवसांत त्याच्याजवळ राहिलेली रक्कम शंभर नव्हे, ९८ आहे, कारण मालाची रोखीची किंमत ९८ होती. म्हणजे ९८ रुपये वीस दिवस वापरायला घेतले आणि त्याचे दोन रुपये भाडे दिले.

दोन भागिले ९८ म्हणजे २.०४ टक्के. हा वीस दिवसांचा दर. तीस दिवसांचा काढला तर ३.०६, म्हणजे शेकडा तीन रुपये महिना. वर्षाचे ३६५ दिवस धरले तर वीस दिवसांचे असे सव्वाअठरा तुकडे पडतात, २.०४ ला १८.२५ ने गुणले की वर्षाचा दर ३७.२ टक्के येतो. एका ओळीत मांडायचे तर:

(२ ÷ ९८) × (३६५ ÷ २०) = ०.३७२

हे सरळ व्याज झाले. वर्षभर प्रत्येक बिलावर हेच चालू ठेवले आणि व्याजावर व्याज धरले, तर आकडा ४४ टक्क्यांच्या पुढे जातो. पण तुलनेसाठी ३७ पुरेसे आहेत, कारण बँकेच्या कॅश क्रेडिट खात्याचा, म्हणजे ‘सीसी’चा दरही आपण सरळ व्याजातच बोलतो.

हिशोब चुकतो तो दोन ठिकाणी. पहिली चूक म्हणजे दोन टक्क्यांना बाराने गुणून ‘वर्षाला चोवीस’ म्हणणे. यात तीस दिवस धरले जातात, आणि जे दहा दिवस तसेही फुकट होते त्यांचेही भाडे लावले जाते. दुसरी चूक जास्त खोल आहे: दोन टक्क्यांची तुलना थेट बँकेच्या बारा टक्क्यांशी करणे. दोन हा वीस दिवसांचा आकडा, बारा हा वर्षाचा. मण आणि शेर एकाच पारड्यात घालून दोन लहान की बारा मोठे असे विचारण्यासारखे ते आहे.

आता खऱ्या धंद्यात हे कसे उतरते ते पाहण्यासाठी एक नमुना घेऊ. सोलापूर चादरींसाठी आणि टॉवेलसाठी प्रसिद्ध आहे, तसेच शाळेच्या गणवेशांसाठीही आहे. समजा, नांदेडमधल्या एका गणवेश विक्रेत्याने सोलापूरच्या एका लहान कारखान्यातून माल मागवला. मालाची किंमत ५ लाख रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी २५ हजार, एकूण बिल ५ लाख २५ हजार. बिलाची तारीख २० मे. अट तीच: दहा दिवसांत मालाच्या किमतीवर दोन टक्के वटाव, नाहीतर तीस दिवस.

वटावाची मुदत ३० मेला संपते. पूर्ण रकमेची मुदत १९ जूनला. राज्यातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्याला उघडतात. गणवेशाची गर्दी त्याच्या आठ-दहा दिवस आधी सुरू होते आणि शाळा उघडल्यावर आठवडाभर टिकते. म्हणजे ३० मेला दुकानात माल भरलेला आहे आणि गल्ला रिकामा आहे, तर १९ जूनला गल्ला भरलेला असेल. ‘विकून पैसे देऊ’ हा विचार इथे अगदी स्वाभाविक आहे, आणि मोसमी धंद्यातला प्रत्येक माणूस तसाच विचार करतो.

पण आकडे पाहावेत. ३० मेला पैसे दिले तर १० हजार रुपये वटाव मिळून ५ लाख १५ हजारांत बिल मिटते. जीएसटीचे २५ हजार तसेच राहतात, कारण वटाव मालाच्या किमतीवर आहे, करावर नाही. त्यामुळे पाठ्यपुस्तकातले ३७ टक्के इथे थोडे उतरतात: ५ लाख १५ हजार वीस दिवस वापरायचे १० हजार, म्हणजे वर्षाला ३५.४ टक्के. समजा या दुकानदाराची बँकेत सीसी मर्यादा आहे आणि तिचा दर १२ टक्के आहे. तेवढीच रक्कम तेवढेच वीस दिवस बँकेकडून उचलली तर व्याज होते ३ हजार ३८६ रुपये. म्हणजे बँकेचे व्याज भरूनही त्याचे ६ हजार ६१४ रुपये वाचतात. हे एका बिलाचे झाले. मोसमात अशी चार बिले येत असतील, तर साडेसव्वीस हजारांच्या घरात रक्कम जाते. छोट्या दुकानात ती मोसमासाठी ठेवलेल्या एका मदतनिसाच्या पगाराला पुरते.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे: बँक एवढे पैसे देईल का? सीसी खात्यातून किती उचलता येईल हे मंजूर मर्यादेवर तर ठरतेच, पण दरमहा दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटवरही ठरते. बँक दुकानातला माल मोजते, त्यातून ज्या मालाचे पैसे अजून द्यायचे आहेत तो वजा करते, उरलेल्या मालावर साधारण २५ टक्के मार्जिन कापते, आणि राहिले त्याला ड्रॉइंग पॉवर म्हणते. सोलापूरहून उधारीवर आलेला माल दुकानात असला तरी देणेकऱ्यांच्या यादीतही असतो, म्हणून त्यावर एक रुपयाही उचलता येत नाही. त्या मालाचे पैसे चुकते झाले की तोच माल ‘आपला’ होतो आणि ५ लाखांवर सुमारे पावणेचार लाखांची उचल मोकळी होते. वटाव घेण्यासाठी लागणाऱ्या पैशाचा मोठा हिस्सा असा त्याच मालातून उभा राहतो, ही गोष्ट अनेक दुकानदारांच्या लक्षातच आलेली नसते. अडचण दोन ठिकाणी राहते. एक, आधी पैसे देऊन मग उचल वाढते, त्यामुळे मधले दिवस निभावायला खात्यात आधीची काही उचल शिल्लक असावी लागते. दोन, उरलेले एक लाख ४० हजार स्वतःच्या खिशातूनच यावे लागतात.

ते नसतील तर? तर कारखानदाराशी ऑर्डर देतानाच बोलावे: दहा दिवसांत जेवढी रक्कम येईल तेवढ्यापुरता वटाव मिळेल का? अनेक जण याला हो म्हणतात, कारण त्यांनाही पैसा लवकर हवा असतो. पावणेचार लाख आधी भरून त्याच्या प्रमाणात वटाव घेतला, तरी मोठा भाग हाती लागतो. मात्र हे आधी ठरलेले हवे. पैसे पाठवून झाल्यावर मागितलेला वटाव म्हणजे दोन्हीकडे अवघडलेपण.

वटावाच्या अटीत एक विचित्र गोष्ट दडलेली आहे, ती समजली की पैसे कोणत्या तारखेला पाठवायचे हे आपोआप कळते. समजा, दुकानदाराची दहाव्या दिवसाची तारीख चुकली आणि त्याने अकराव्या दिवशी घाईघाईने पैसे पाठवले. त्याला वटाव मिळणार नाही. एका दिवसाच्या उशिरासाठी त्याने शंभरामागे दोन रुपये मोजले. वर्षाच्या हिशोबात हा दर सातशे टक्क्यांच्या पुढे जातो. पंधराव्या दिवशी दिले तर दर दीडशेच्या आसपास. जसजसे दिवस पुढे सरकतात तसतसा दर उतरतो आणि तिसाव्या दिवशी सदतीसवर येतो. म्हणजे अशा बिलाला पैसे देण्यासारख्या तारखा दोनच आहेत, दहावा दिवस किंवा तिसावा दिवस. नवव्या दिवसाआधी देऊन काही जास्त मिळत नाही आणि अकरा ते एकोणतीसमध्ये देऊन दोन्हीकडचे जाते. पण दुकानांतून चेक निघतात ते असे नाहीत. महिन्याच्या पाच तारखेला, किंवा वसुलीचा माणूस येईल त्या दिवशी, किंवा शनिवारी सगळ्यांचे एकदम. वटाव बुडतो तो पैसा नसल्यामुळे जितका, तितकाच या सवयीमुळे.

दिवस मोजायचे कुठून, हाही वादाचा विषय. बहुतेक ठिकाणी बिलाच्या तारखेपासून मोजतात, माल पोचल्यापासून नव्हे. ट्रान्सपोर्टने यायला तीन दिवस, गाठोडी सोडून साइझप्रमाणे नग मोजायला दोन दिवस, कमी-जास्तीबद्दल फोनाफोनीला एक दिवस. दहातले सहा असे गेले की चार उरतात. त्यात चेक दिला तर तो वटून जमा झाल्याचा दिवस धरला जातो. निदान यातला शेवटचा अडथळा आता उरलेला नाही: एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून वर्षाचे सगळे दिवस, चोवीस तास चालू आहे. दहावा दिवस रविवारी आला म्हणून वटाव बुडण्याचे कारण नाही.

घरगुती वाचकालाही ही अट अनोळखी नाही. महावितरणच्या वीजबिलावर नेहमीच्या देय तारखेच्या आधीची एक तारीख छापलेली असते आणि त्या तारखेपर्यंत भरल्यास रक्कम थोडी कमी लागते. बिल काढल्यापासून सात दिवसांत भरणाऱ्याला कर आणि शुल्क वगळून उरलेल्या रकमेवर एक टक्का सूट, असा हा नियम आहे. समजा बिल साडेतीन हजारांचे आहे आणि कर-शुल्क वगळता त्यातले तीन हजार सूटपात्र आहेत. सूट झाली तीस रुपये. देय तारीख त्यानंतर दोन आठवड्यांनी असेल, तर ते साडेतीन हजार चौदा दिवस बचत खात्यात ठेवून तीन टक्क्यांनी मिळणारे व्याज आहे चार रुपये. तीस रुपयांनी कुणाचे घर चालत नाही, हे खरेच. पण चार रुपयांसाठी तीस सोडायचे कारणही नाही, आणि हाउसिंग सोसायटीच्या पंपाचे नि लिफ्टचे बिल भरणाऱ्या खजिनदाराने ती आधीची तारीख नक्कीच पाहावी.

आता दुसऱ्या बाजूने पाहू, कारण इतका मोठा दर पाहून कुणालाही शंका येईल: सोलापूरचा कारखानदार ३५ टक्क्यांची सवलत देतो तरी कशी? त्यालाही बँक बारा टक्क्यांनी पैसे देते. मग वीस दिवस आधी पैसे मिळवण्यासाठी तो तिप्पट किंमत का मोजतो?

याचे उत्तर बिलावर छापलेल्या तीस या आकड्यात नाही, त्याच्या खातेवहीत आहे. ५ लाख २५ हजार रुपये अडकून पडले की बारा टक्के दराने त्याला रोज सुमारे १७३ रुपये व्याज पडते. वटाव दिला १० हजार. भागाकार केला तर ५८ दिवस येतात. म्हणजे दहाव्या दिवशी पैसे देणारे गिऱ्हाईक एरवी अडुसष्टाव्या दिवशी किंवा त्यानंतर देणार असेल, तर हा वटाव कारखानदाराला परवडतो. आणि बाजारात तीस दिवसांची मुदत साठ, पासष्ट, सत्तर दिवसांपर्यंत ओढली जाते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. त्यावर वसुलीसाठी माणूस पाठवण्याचा खर्च, बुडीत निघण्याची भीती, आणि मधल्या काळात सुताचे नि मजुरीचे पैसे उभे करण्याची ओढाताण. वटावाचा दर तो छापील मुदतीवर नाही, गिऱ्हाइकाच्या खऱ्या सवयीवर बांधतो.

शिवाय ही ओळ त्याला एक माहिती फुकट देते. सतत वटाव घेणारे गिऱ्हाईक अचानक वटाव सोडू लागले, तर त्याच्याकडे पैशाची तंगी आहे हे ताळेबंद न पाहताही कळते. ३५ टक्क्यांचे कर्ज माणूस सहसा दुसरीकडे काही मिळत नसेल तेव्हाच घेतो. जाणता कारखानदार अशा खात्याची उधारी त्याच महिन्यात आखडती घेतो.

याच हिशोबाने दुकानदाराची बाजूही उलटते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. जो तिसाव्याऐवजी खरोखरच अडुसष्टाव्या दिवशी देतो आणि ज्याला कुणी जाब विचारत नाही, त्याला वटाव सोडण्याचा दर बारा टक्क्यांच्या जवळ पडतो. तो बँकेइतकाच झाला. म्हणूनच अनेक मुरलेले व्यापारी वटावाकडे दुर्लक्ष करतात आणि उधारी ताणतात. त्यांचे गणित चुकलेले नसते. पण ते गणित दुसऱ्याच्या गळ्यावर उभे असते, आणि कायद्याने आता त्याच्याभोवती कुंपण घातले आहे.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ चा. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला, तर लेखी ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यावे लागतात आणि ती तारीख माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे ठेवता येत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे हा दंडाचा दर २०.२५ टक्के. त्यातच २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात एक कलम घातले: अशा उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि ३१ मार्चला ते थकलेले असले, तर त्या खरेदीची वजावट त्या वर्षी मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षी मिळते. ही तरतूद आली तेव्हा महाराष्ट्रातल्या कापड बाजारांतही तिची मोठी चर्चा झाली, कारण तिथली उधारी ४५ दिवसांत बसणारी नव्हती.

या कायद्यातली एक बाब वटावाच्या ओळीशी थेट जोडलेली आहे. लेखी करार नसेल, तर मुदत ४५ नव्हे, १५ दिवसांची धरली जाते. सोलापूर-नांदेडचा तीस दिवसांचा व्यवहार निव्वळ फोनवर ठरलेला असेल, तर दुकानदाराच्या मनातले तीस दिवस कायद्याच्या लेखी अर्धेच आहेत. आणि हे संरक्षण उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे. निव्वळ घाऊक व्यापाऱ्याला नाही. तेव्हा कुणाचे बिल हातात आहे हे पाहणे भाग पडते.

बँकेत सोय नाही, उद्योगाचे पैसे ४५ व्या दिवशी देण्याचा लेखी करार आहे, अशा दुकानदारासाठीही दर काढून पाहावा. दहाव्या दिवशी दोन टक्के सोडून पंचेचाळिसाव्या दिवशी पूर्ण रक्कम, म्हणजे ३५ दिवसांचे कर्ज. गणवेशाच्या त्याच बिलावर हा दर वर्षाला सुमारे वीस टक्के पडतो. बारा टक्क्यांची सीसी असलेल्याने वटाव घ्यावा. जिथे दुसरा मार्ग चोवीस टक्क्यांचा खासगी हातउसना आहे, तिथे वटाव सोडलेला बरा.

आणि काही वटाव सोडायचेच असतात. ‘सात दिवसांत एक टक्का, नाहीतर साठ दिवस’ अशी अट आली, तर एका टक्क्यासाठी ५३ दिवस मिळतात. दर येतो वर्षाला सात टक्के. इतक्या स्वस्तात कोणतीही बँक दुकानदाराला पैसे देत नाही. तिथे वटावाचा मोह टाळून साठाव्या दिवशी पैसे देणे हेच शहाणपणाचे. दोन टक्क्यांचा वटाव मोठा आणि एक टक्क्याचा छोटा असे काही नसते. मधल्या दिवसांवर सगळे अवलंबून असते.

अमेरिकेत ‘टू-टेन, नेट थर्टी’ ही अट व्यापाराच्या रोजच्या भाषेचा भाग आहे. तिथे सरकारी खात्यांनाही हा हिशोब करावा लागतो. १९८२ च्या प्रॉम्प्ट पेमेंट कायद्याच्या चौकटीत पुरवठादाराने वटाव देऊ केला, तर खात्याने त्याचा वार्षिक दर काढायचा आणि ट्रेझरीने जाहीर केलेल्या पैशाच्या दराशी तो ताडून पाहायचा. वटावाचा दर जास्त असेल तरच लवकर पैसे द्यायचे, नसेल तर शेवटच्या तारखेला. नांदेडच्या दुकानदाराने करायची गोष्ट याहून वेगळी नाही.

कारखानदारानेही आपला हिशोब तपासायला हवा. त्याचा नफा मालाच्या किमतीवर आठ टक्के असेल, तर दोन टक्के वटाव म्हणजे नफ्यातला चौथा हिस्सा. जे गिऱ्हाईक कधीच पंधरा दिवसांपलीकडे जात नाही, त्याला तो देऊन पाच दिवस विकत घेणे महागाचे आहे. त्याहून मोठा रोग वेगळाच: तीस-पस्तीस दिवसांनी पैसे पाठवायचे आणि तरीही दोन टक्के कापून पाठवायचे. खातेउताऱ्यात मग एकेका बिलामागे दहा हजार, सात हजार, चार हजार अशा बाक्या लटकत राहतात, वर्षअखेर त्या वटाव-कसर खात्यात टाकून पुसल्या जातात, आणि उशीर करणाऱ्याला लवकर देणाऱ्याचे बक्षीस मिळून जाते. दोन-तीनदा हे सहन केले की दहा दिवसांच्या अटीला अर्थ उरत नाही. अशा बाक्या महिन्याच्या आत मागाव्यात. वटाव देताना क्रेडिट नोट काढावी आणि तिच्यात जीएसटी धरायचा की नाही हे आपल्या सीएशी आधीच ठरवून ठेवावे, म्हणजे घेणाऱ्याच्या इनपुट क्रेडिटचा घोळ होत नाही.

दुकानदाराला आपण किती गमावतो हे पाहण्यासाठी एकच काम पुरे आहे. गेल्या आर्थिक वर्षातली वटावाची ओळ असलेली बिले काढावीत, प्रत्येकावर मिळू शकणारा वटाव लिहावा, बेरीज करावी, आणि खात्यात ‘वटाव मिळाला’ या नावाखाली प्रत्यक्षात किती जमा आहेत ते शेजारी ठेवावे. फरक हे न दिसणाऱ्या कर्जाचे वर्षाचे व्याज. त्याला बँकेच्या व्याजाच्या शेजारी बसवून पाहावे.

बिल काढणाऱ्यांना एक विनंती. ‘१० दिवस’ आणि ‘३० दिवस’ असे न छापता दोन्ही तारखा आणि दोन्ही रकमा स्पष्ट छापाव्यात: ३० मेपर्यंत ५,१५,०००; १९ जूनपर्यंत ५,२५,०००. वीजबिलावर हे होते, संगणकावर निघणाऱ्या कोणत्याही बिलावर होऊ शकते, आणि घेणाऱ्याला त्या वीस दिवसांची किंमत रुपयांत दिसते.